व्याजदराची टोपी आणि तिची खरी किंमत

इंग्रजीत ‘कॅप’ म्हणजे टोपी. मराठीत मात्र टोपी घालणे या शब्दप्रयोगाला एक वेगळाच वास आहे, आणि व्याजदराची कॅप विकत घेणाऱ्या माणसाने तो वास जरा लक्षात ठेवलेला बरा. ही वस्तू वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी नोकरीची बरीच वर्षं बँकेच्या ट्रेझरी विभागात काढली आणि या टोप्या स्वतः विकल्या. त्या विकताना समोरचा माणूस एकच आकडा बघतो हे मला पक्कं माहीत आहे. दुसरा आकडा तिसऱ्या पानावर असतो.

गेल्या वर्षाच्या, म्हणजे २०२५च्या सुरुवातीला एक जुना मित्र असाच चार पानी कागद घेऊन घरी आला. चाकणमधल्या एका निर्यातदार कारखान्याचे हिशोब तो सांभाळतो. कंपनीने परदेशातून १ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं, मुदत तीन वर्षं, मुद्दल शेवटी एकरकमी फेडायचं आणि व्याज दर तीन महिन्यांनी भरायचं. विक्रीचे पैसे डॉलरमध्येच येत असल्याने रुपया घसरण्याची चिंता फारशी नव्हती. चिंता होती ती व्याजाची. व्याज होतं ‘सोफर अधिक २ टक्के’. सोफर हा अमेरिकेतल्या एका रात्रीच्या, सरकारी रोख्यांच्या तारणावरच्या उधारीचा दर. न्यू यॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक तो रोज जाहीर करते. २०२३च्या जूनअखेर डॉलरचा लायबॉर बंद झाल्यापासून अशा कर्जांना बहुधा हाच दर लागतो. मित्र आला त्या दिवसांत सोफर ४.३ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे त्याचं व्याज ६.३ टक्के.

“हे बघ,” तो म्हणाला, “बँक ४ टक्क्यांची कॅप देतेय. चार आणि दोन सहा. सहाच्या वर आता एक पैसा जाणार नाही.”

“आणि त्याचे पैसे?”

“दीड लाख डॉलर. एकदाच द्यायचेत.”

“मग सहा कसे झाले?”

तो गप्प झाला. चहा येईपर्यंत आम्ही त्या कागदाच्या मागच्या बाजूला आकडेमोड केली. ती इथे मांडतो, कारण सगळी गंमत तिच्यातच आहे. एवढंच लक्षात ठेवा की प्रीमियमचे भाव रोज, खरं तर तासातासाला बदलतात. त्यामुळे इथले भाव त्या एका व्यवहारापुरते समजा, पद्धत मात्र सगळीकडे तीच.

आधी कॅप काय करते ते पाहू. पुष्कळांना वाटतं की कॅप घेतली की कर्जाचा दर बदलतो. तसं होत नाही. कर्ज एका बाजूला जसंच्या तसं चालू राहतं आणि कर्ज देणाऱ्याला सोफर अधिक २ टक्के हे पूर्ण व्याज पोचतं करावंच लागतं. कॅप हा त्याच्या शेजारी उभा असलेला वेगळा करार, बहुतेक वेळा वेगळ्या बँकेशी केलेला. त्यात लिहिलेलं असतं की तिमाहीचा सोफर ४ टक्क्यांच्या वर गेला, तर वरचा फरक, ठरलेल्या रकमेवर आणि तेवढ्या दिवसांसाठी, बँक तुम्हाला देईल. सोफर ४ किंवा त्याच्या खाली राहिला तर कुणी कुणाला काही देत नाही. या ४ टक्क्यांना स्ट्राइक म्हणतात. तीन वर्षांच्या कॅपमध्ये बारा तिमाह्या, म्हणजे बारा छोट्या टोप्या. प्रत्येकीचा हिशोब स्वतंत्र. या तिमाहीत मिळालेला पैसा पुढच्या तिमाहीत परत द्यावा लागत नाही.

१ कोटी डॉलरवर एका तिमाहीचा १ टक्का म्हणजे २५,००० डॉलर. (खऱ्या करारात प्रत्यक्ष दिवस मोजून ३६० ने भागतात, त्यामुळे आकडा थोडा वर जातो. आपण वर्षाचे सरळ चार भाग करू.) समजा सोफर ५.३ टक्के झाला. २०२३च्या उत्तरार्धापासून वर्षभर तो तिथेच होता, तेव्हा हा आकडा काही हवेतला नाही. कर्जाचं व्याज ७.३ टक्के, म्हणजे तिमाहीला १,८२,५०० डॉलर. कॅपकडून १.३ टक्क्यांचे ३२,५०० डॉलर परत येतात. हातातून गेले दीड लाख, म्हणजे बरोबर ६ टक्के. मित्राचं म्हणणं इथवर खरं होतं.

आता तिसऱ्या पानावरचा आकडा. दीड लाख डॉलर पहिल्याच दिवशी गेले. बारा तिमाह्यांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला १२,५०० येतात आणि ते वर्षाला अर्धा टक्का होतात. पण हा हिशोबही जरा फसवा आहे. पैसे आज गेले आणि संरक्षण तीन वर्षं हप्त्याहप्त्याने मिळणार. तेच दीड लाख कंपनीने कर्ज काढून भरले असते तर त्यावरही व्याज लागलं असतं. वर्षाला ६ टक्के धरून बारा समान हप्ते काढले, तर प्रत्येक हप्ता साधारण १३,७५० डॉलरचा येतो. म्हणजे वर्षाला ०.५५ टक्के. आपल्या ईएमआयचं गणित असतं तेच हे, वेगळं काही नाही.

तेव्हा मित्राचं खरं छत ६ टक्क्यांवर नाही, ६.५५ वर आहे. स्ट्राइकचे ४, कर्जाचे २ आणि टोपीचे ०.५५.

या एका आकड्यातून बाकीचं सगळं आपोआप निघतं. सोफर ४.५५ टक्के असेल तर कॅपकडून ०.५५ टक्के मिळतात, म्हणजे टोपीचा त्या तिमाहीचा खर्च भरून निघतो. ही बरोबरीची रेषा. सोफर ४ ते ४.५५च्या मध्ये असेल तर कॅप पैसे देते, पण तिच्या किमतीइतके नाही. इथे बरेच जण चकतात. बँकेकडून पैसे जमा झाल्याचं दिसलं की फायदा झाला असं वाटतं. ४.३ टक्के सोफरला मित्राला तिमाहीला ७,५०० डॉलर मिळत होते आणि खर्च होता १३,७५० चा. सोफर ३ टक्क्यांवर आला तर कॅप गप्प. व्याज ५ टक्के आणि टोपीचे ०.५५ धरून ५.५५. कॅप नसती तर ५ टक्क्यांत भागलं असतं. पण याहून वाईट काही होत नाही. दर कितीही कोसळला तरी कॅप घेणाऱ्याचं नुकसान त्या दीड लाखांवर थांबतं, आणि दर उतरल्याचा बाकी सगळा फायदा त्याच्याच खिशात राहतो.

इथेच मित्राने कागदाचं चौथं पान उलटलं. “दीड लाख जास्त वाटत असतील तर हेही आहे म्हणाले.”

चौथ्या पानावर फ्लोअर होता. फ्लोअर म्हणजे कॅपचं उलटं रूप. सोफर ठरलेल्या पातळीच्या खाली गेला तर फ्लोअर विकणारा खालचा फरक देतो. ठेवीदाराला किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेला असा फ्लोअर विकत घ्यायला आवडेल, कारण दर पडले की त्यांचं उत्पन्न पडतं. पण मित्र कर्जदार. बँक त्याला सुचवत होती की तुम्ही आम्हाला ३ टक्क्यांचा फ्लोअर विका, त्याचे आम्ही ४२,००० डॉलर देतो आणि ते कॅपच्या किमतीतून वळते करतो. दीड लाखाऐवजी १,०८,००० भरा. कॅप घ्यायची आणि फ्लोअर विकायचा, या जोडीला कॉलर म्हणतात. टोपी स्वस्त झाली, पण गळ्याला कॉलर आली.

हिशोब परत मांडला. १,०८,०००चे बारा हप्ते सुमारे १०,००० डॉलरचे, म्हणजे ०.४० टक्के. छत ६.५५ वरून ६.४० वर आलं. दर वर्षाला ०.१५ टक्क्यांची बचत. पण आता खाली एक जमीनही तयार झाली. सोफर ३च्या खाली गेला की मित्राने फरक भरायचा, म्हणून त्याचा खर्च ५.४०च्या खाली कधीच जाणार नाही.

“सोफर ३च्या खाली कशाला जातोय?” मित्र म्हणाला.

२०२० ते २०२२च्या सुरुवातीपर्यंत सोफर शून्याला टेकलेला होता. त्याआधी, २००८च्या शेवटापासून २०१५च्या डिसेंबरपर्यंत, अमेरिकेचा धोरणदर शून्य ते पाव टक्का होता. म्हणून मी त्याला म्हटलं, १ टक्क्याचा हिशोब कर. कॅप-फ्लोअर काहीच नसतं तर व्याज ३ टक्के, तिमाहीला ७५,००० डॉलर. नुसती कॅप असेल तर टोपीचे धरून ८८,७५०. कॉलर असेल तर ७५,००० व्याज, वर फ्लोअरचे २ टक्के म्हणजे ५०,०००, वर १०,००० हप्ता. एकूण १,३५,०००. फ्लोअर विकून पूर्ण तीन वर्षांचे मिळाले होते ४२,०००, आणि एकाच तिमाहीत गेले ५०,०००.

कॅपच्या प्रीमियमसारखा हा खर्च आधी दिसत नाही. कॅपची किंमत पहिल्या दिवशी कळते आणि ती तिथेच थांबते. फ्लोअरची किंमत नंतर कळते. विशेष म्हणजे ती नेमकी वाईट दिवसांत कळते, कारण दर इतके पडतात तेव्हा बहुधा मंदी असते, ऑर्डरी आटलेल्या असतात, आणि प्रतिस्पर्धी कारखान्याचं व्याज ३ टक्क्यांवर आलेलं असतं.

बँकेकडे तिसराही प्रस्ताव असतोच, आणि तो सगळ्यात सहज विकला जातो असा माझा अनुभव आहे. कॅप ५ टक्क्यांची, फ्लोअर ३चा, प्रीमियम शून्य. याला झीरो-कॉस्ट कॉलर म्हणतात. नावातला ‘शून्य खर्च’ म्हणजे पहिल्या दिवशीचा खर्च शून्य, एवढंच. दोन वस्तूंची किंमत सारखी येईल अशा पातळ्या शोधून काढलेल्या असतात. बँकेचा नफा त्या पातळ्यांतच मुरवलेला असतो, तो वेगळा दिसत नाही. म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो की कॅपचा आणि फ्लोअरचा भाव वेगवेगळा लिहून मागा. वेगळा भाव सांगायला बँक कां-कूं करू लागली तर ते उत्तरच आहे.

कॉलरने किती घोळ होऊ शकतो ते इंग्लंडमध्ये दिसलं. तिथल्या बँकांनी २००१ ते २००८च्या दरम्यान छोट्या व्यावसायिकांना, म्हणजे दुकानदार, हॉटेलवाले, शेतकरी अशा लोकांना, कर्जाबरोबर व्याजदराचे असे करार मोठ्या प्रमाणावर विकले. त्यांत साध्या कॅप होत्या, कॉलर होत्या, आणि ‘स्ट्रक्चर्ड कॉलर’ नावाचा एक विलक्षण प्रकार होता. साध्या कॉलरमध्ये दर जमिनीच्या खाली गेला तर तुम्ही जमिनीच्या दराने भरता. या प्रकारात दर खाली गेला की तुमचा दर जमिनीपेक्षाही वर चढू शकत असे. २००७च्या जुलैमध्ये बँक ऑफ इंग्लंडचा दर पावणेसहा टक्के होता, तेव्हा सगळ्यांची नजर छताकडे होती. मग लेहमन बुडाली आणि २००९च्या मार्चमध्ये दर अर्ध्या टक्क्यावर आला. मोकळ्या कर्जदारांचे हप्ते उतरले, यांचे उतरले नाहीत. करार मोडू म्हटलं तर मोडण्याचीच किंमत अफाट, कारण उरलेल्या सगळ्या वर्षांचा फरक एकदम भरावा लागे. २०१२मध्ये तिथल्या नियामकाने चार मोठ्या बँकांना जुने व्यवहार तपासायला लावले. २०१३च्या जानेवारीत पहिल्या १७३ व्यवहारांचा निकाल लागला तेव्हा त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक व्यवहारांत निदान एक तरी नियम मोडलेला सापडला. पुढे बँकांना दोन अब्ज पौंडांहून जास्त भरपाई द्यावी लागली. साध्या कॅपमध्ये असा खड्डा नाही. खड्डा पडतो तो विकलेल्या बाजूने.

मित्राने चौथं पान मिटलं. कॅप घ्यायची हे ठरलं. मग मी त्याला कर्जाचा मूळ करार मागवायला लावला, कारण कॅप चांगली असूनही उपयोगी न पडण्याचे दोन-तीन रस्ते असतात आणि ते सगळे दोन कागद शेजारी ठेवल्यावरच दिसतात.

पहिलं म्हणजे दोन्हीकडचा सोफर एकच आहे का? एका सोफरची अनेक रूपं आहेत. एक रोजच्या दरांची चक्रवाढ करून तिमाहीअखेर काढतात, तर ‘टर्म सोफर’ तिमाहीच्या सुरुवातीलाच ठरतो. कर्जावर एक आणि कॅपवर दुसरा असेल तर दर झपाट्याने बदलतात तेव्हा दोन्हींत फट पडते, आणि ती फट कर्जदाराच्या अंगावर येते. मित्राच्या दोन्ही कागदांवर चक्रवाढीचाच दर निघाला. दुसरं, तारखा. व्याजाची तारीख १५ आणि कॅपची ३० असेल तर पंधरा दिवसांचं संरक्षण उगाच इकडचं तिकडे होतं. तिसरं, रक्कम. त्याचं मुद्दल शेवटी फिटणार असल्याने प्रश्न नव्हता. पण दर वर्षी मुद्दल फिटत जाणारं कर्ज असेल आणि कॅप मात्र पूर्ण रकमेची असेल, तर गरज नसलेल्या टोपीचे पैसे आपण भरतो.

एक बारीक ओळ मला त्याच्या कर्जाच्या करारात सापडली, ती बहुतेकांच्या करारात असते: सोफर शून्याच्या खाली गेला तर तो शून्यच धरायचा. म्हणजे कर्ज देणाऱ्याने एक फ्लोअर आधीच, वेगळे पैसे न देता, स्वतःकडे ठेवलेला असतो. शून्याचा असल्याने तो फारसा टोचत नाही. पण काही करारांत तिथे १ किंवा दीड टक्का लिहिलेला असतो, आणि तो फ्लोअर आपण विकलाय हे कर्जदाराच्या गावीही नसतं.

“मग माझ्या घरकर्जाला अशी टोपी का नाही मिळत?” हा मित्राचा जाता जाता प्रश्न. त्याचं दुखणं मला ठाऊक होतं. ४ मे २०२२ला रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर रेपो दर ४ वरून ४.४० केला, आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत तो ६.५० वर गेला. त्याचा हप्ता तेवढाच राहिला, पण कर्ज त्याच्या निवृत्तीच्या पलीकडे सरकलं. आपल्याकडे रुपयातल्या व्याजदराच्या कॅप, फ्लोअर आणि कॉलरला रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०१७पासून परवानगी दिली आहे. पण हा बाजार बँकांचा आणि कंपन्यांचा. चाळीस लाखांच्या घरकर्जासाठी कॅप विकायला कुणी बसलेलं नाही. तिथे पर्याय स्थिर दराचा, आणि तो फ्लोटिंगपेक्षा जितका महाग असतो तितका टोपीचा प्रीमियम त्यात गुपचूप धरलेला असतो असं समजायला हरकत नाही.

या जानेवारीत मित्राचा फोन आला. आवाज पडलेला. २०२५च्या सप्टेंबर, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये फेडने तीनदा दर कमी केले. सोफर ४च्या खाली आला आणि कॅपच्या खात्यावर शून्य जमा झालं. मालकांनी त्याला बोलावून विचारलं होतं, दीड लाख डॉलर कुठे गेले?

मी त्याला बँकेकडून कॅप परत विकण्याचा भाव घ्यायला सांगितलं. कॅप विकत घेतलेली असते, त्यामुळे ती विकताही येते. उरलेल्या दोन वर्षांचे १८,००० डॉलर मिळतील असा भाव आला. दीड लाखांची वस्तू अठरा हजारांना, म्हणून तो आणखीच हिरमुसला.

पण दीड लाख आता विसरायचे. ते तेव्हाच गेले. आजचा प्रश्न असा की अठरा हजार घ्यायचे, की दोन वर्षांचं छत ठेवायचं? अठरा हजारांचे आठ हप्ते काढले तर प्रत्येकी २,४०० डॉलर, वर्षाला सुमारे ०.१० टक्के. म्हणजे आज हे छत ६.१० टक्क्यांना पडतंय, आणि वर्षापूर्वी टोपीविना व्याज होतं ६.३. तो फोनवरच आकडे लिहून घेत होता. पेनचा आवाज येत होता.

“ठेवतो,” तो म्हणाला. “पण मालकांना हे पाटीवर काढून दाखवावं लागेल.”